रात्रीचा जॉब सकाळी पुन्हा चालवला, तरी पावती एकदाच लागली पाहिजे

सकाळी साडेनऊला निंभोऱ्याच्या एका केळी उत्पादक काकांचा फोन आला. "भाऊ, माझी एकच गाडी गेली होती. तुमच्या यादीत दोन कशा लागल्या? आणि दोघींची रक्कमही वेगळी दिसते." त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. जास्तीचे पैसे जमा झाले तर उद्या आपल्याकडूनच वसूल होतील, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात केळी खरेदी करणाऱ्या एका गटाचं डेटाचं काम मी बघतो. त्यांची अकरा खरेदी केंद्रं आहेत आणि प्रत्येक केंद्रावर वजनकाटा आहे. काट्याशेजारच्या कॉम्प्युटरवर मुनीम पावती फाडतो: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, कटती, निव्वळ वजन, भाव. रात्री दीड वाजता एक जॉब सुरू होतो. तो सगळ्या केंद्रांवरच्या दिवसभराच्या पावत्या ओढून आणतो, साफ करतो, रक्कम काढतो आणि मुख्य डेटाबेसमध्ये भरतो. काढा, साफ करा, भरा: ईटीएल म्हणतात ते एवढंच. सकाळी अकाउंटवाले याच टेबलवरून शेतकऱ्यांच्या पेमेंटची यादी काढतात.

त्या रात्री एकूण 186 पावत्या होत्या. सात केंद्रांच्या 121 पावत्या भरून झाल्या, आठव्या केंद्राचं काम सुरू असताना लाइट गेली आणि यूपीएसनेही साथ सोडली. सकाळी आमच्या सहकाऱ्याने जॉब अर्धवट पडलेला पाहिला आणि कोणीही केलं असतं तेच केलं: तो पुन्हा चालवला. दुसऱ्या फेरीत सगळ्या 186 पावत्या आल्या आणि टेबलमध्ये 307 ओळी झाल्या. सात केंद्रांची प्रत्येक पावती दोनदा लागली होती.

चूक सहकाऱ्याची नव्हती. जॉब बंद पडला तर तो पुन्हा चालवायचा, ही माणसाची साहजिक कृती आहे, आणि जॉब ती गृहीत धरूनच बांधायला हवा होता. तो बांधला होता मी.

दुप्पट ओळी शोधून उडवणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण काकांच्या पावतीनेच ते किती अवघड आहे ते दाखवलं. सावद्याच्या केंद्रावरची 1187 नंबरची पावती होती ती. भरलेली आयशर 7,840 किलो, रिकामी 3,160, म्हणजे 4,680 किलो. त्यातून 60 किलो कटती वजा जाता 4,620 किलो, म्हणजे 46.20 क्विंटल. 1,450 रुपये भावाने रक्कम 66,990. रात्री भरली गेली ती ही ओळ. सकाळी सातला मुनीमाने कटती दुरुस्त करून 100 किलो केली. त्यानंतर जॉब पुन्हा चालला आणि त्याने 45.80 क्विंटल, 66,410 रुपये अशी दुसरी ओळ घातली. एकाच गाडीच्या दोन ओळी, पण दोन्हींतले आकडे वेगळे. `SELECT DISTINCT` लावून दुप्पट ओळी गाळणाऱ्या माझ्या पहिल्या प्रयत्नात या दोन्ही ओळी शाबूत राहिल्या, कारण डेटाबेसच्या दृष्टीने त्या एकसारख्या नव्हत्याच.

म्हणून आधी दुप्पट होऊ द्यायचं आणि मग साफ करायचं, हा मार्ग मी कायमचा सोडून दिला. जॉबच असा हवा की तो एकदा चालला, दोनदा चालला किंवा मध्येच मेला आणि पुन्हा उठला, तरी शेवटी टेबलमध्ये तेच दिसावं. या गुणाला इंग्रजीत आयडेंपोटंट म्हणतात. लाइटच्या बटणासारखं समजा. चालू असलेलं बटण पुन्हा 'चालू'कडे दाबलं तर दिवा दुप्पट उजळत नाही. माझा जुना जॉब बटणासारखा नव्हता, मापट्यासारखा होता. जितक्या वेळा ओताल तितकं धान्य पोत्यात वाढायचं.

मग तो कसा बांधायचा? उत्तर मला आडत दुकानात सापडलं. जुने मुनीम रोजमेळ लिहितात तेव्हा एका तारखेला एक पान असतं. पान चुकलं तर त्याच्याखाली पुन्हा सगळं लिहीत बसत नाहीत. ते पान रद्द करून त्या तारखेचं नवं पान लिहितात. पान कितीही वेळा लिहिलं तरी त्या तारखेचं वहीत एकच राहतं. आमच्या टेबललाही तेच लागू करायचं: ओळी जोडत जायच्या नाहीत, एका केंद्राचं एका दिवसाचं पान आख्खं बदलायचं.

त्यासाठी भरण्याचं काम दोन पायऱ्यांत मोडलं. पहिल्या पायरीत केंद्राकडून आलेल्या पावत्या थेट मुख्य टेबलमध्ये जात नाहीत. त्या एका कच्च्या टेबलमध्ये उतरतात आणि हे टेबल दर फेरीच्या सुरुवातीला रिकामं केलं जातं. इथे लाइट गेली, नेट तुटलं, काहीही झालं तरी बिघडत नाही, कारण या टेबलवरून कोणीच काही वाचत नाही. दुसरी पायरी ही:

```sql
BEGIN;
DELETE FROM kharedi
 WHERE kendra = :'kendra' AND kam_tarikh = :'tarikh';
INSERT INTO kharedi
SELECT * FROM kharedi_kaccha
 WHERE kendra = :'kendra' AND kam_tarikh = :'tarikh';
COMMIT;
```

यातला जीव `BEGIN` आणि `COMMIT` या दोन ओळींत आहे. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. या दोन ओळींमधलं सगळं तो एकच व्यवहार मानतो. `DELETE` झालं आणि `INSERT` अर्धं असताना लाइट गेली, तर सर्व्हर पुन्हा उठल्यावर जुनं पान जसंच्या तसं असतं. जुनं पान गेलं आणि नवं आलं नाही, अशी अवस्था बाहेरच्या कोणालाही दिसत नाही. त्याच वेळी अकाउंटवाला यादी काढत असेल तर `COMMIT` होईपर्यंत त्याला जुनं पान दिसतं, नंतर नवं.

एक बारीक जागा आहे. `COMMIT` सर्व्हरपर्यंत पोचलं, पण 'झालं' हे उत्तर परत यायच्या आत नेट तुटलं. आता पान बदललं की नाही, हे जॉबला कळायला मार्ग नाही. जुन्या पद्धतीत अशा वेळी घाम फुटायचा. पान बदलायच्या पद्धतीत हा प्रश्नच पडत नाही. पुन्हा चालवायचं, बस्स. बदललं असेल तर तेच पान पुन्हा येईल, नसेल तर आता येईल.

पोस्टग्रेस नसेल तर एक सावधगिरी बाळगा. `DELETE`च्या जागी वेग मिळावा म्हणून `TRUNCATE` लिहायचा मोह होतो. मायएसक्यूएलमध्ये `TRUNCATE` लिहिलं की तोवरचा व्यवहार आपोआप `COMMIT` होऊन जातो. म्हणजे टेबल रिकामं झालं ते कायमचं. त्यानंतर `INSERT` पडलं तर परत फिरायला जागा नाही. `BEGIN` लिहिलेलं असूनही संरक्षण मिळत नाही आणि कोड वाचताना ते लक्षातही येत नाही.

पान बदलण्यात स्वतःचा एक धोकाही आहे आणि तो मला दुप्पट ओळींपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. समजा यावलच्या केंद्राशी संपर्क झाला, पण काही कारणाने पावत्या आल्याच नाहीत. कच्चं टेबल रिकामं आहे. जॉब इमानदारीने जुनं पान काढेल, शून्य ओळींचं नवं पान लावेल आणि 'यशस्वी' असं सांगून झोपेल. म्हणून जुनं पान फाडण्याआधी नवं पान पूर्ण आहे याची खात्री हवी. आमच्याकडे मुनीम रात्री 'दिवस बंद' करतो तेव्हा काट्याचं सॉफ्टवेअर त्या दिवसाच्या पावत्यांची संख्या आणि एकूण निव्वळ किलो वेगळे नोंदवून ठेवतं, आणि नंतर पावती दुरुस्त किंवा रद्द झाली की हे आकडेही सुधारतं. जॉब आधी हे दोन आकडे मागवतो आणि कच्च्या टेबलशी ताडून पाहतो. संख्या किंवा किलो जुळले नाहीत तर त्या केंद्राच्या जुन्या पानाला हात लावत नाही, तेवढं केंद्र 'अडलं' म्हणून लिहितो आणि पुढे जातो. नुसती संख्या पुरत नाही हे अनुभवाने सांगतो. एक पावती गळून दुसरी दोनदा आली तर संख्या बरोबरच येते, पण किलो चुकतात.

आता तारखेचा प्रश्न, कारण पान बदलायचं तर कोणतं, हे आधी नक्की हवं. माझ्या पहिल्या कोडमध्ये तारीख जॉब स्वतःच ठरवायचा, `CURRENT_DATE` बघून. जुना सर्व्हर जळगावच्या ऑफिसात होता तोवर तिथे `CURRENT_DATE - 1` लिहिलेलं होतं आणि यातली खोट दिसली नाही. मग तो क्लाउडवर गेला आणि त्याचं घड्याळ यूटीसी वेळेवर आलं. यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे 12 ची मध्यरात्र उलटून 13 तारीख लागल्यावर दीड वाजता तिथे 12 तारखेचे रात्रीचे आठ वाजलेले असतात, म्हणून `CURRENT_DATE` 12 सांगतं. आम्हाला तेव्हा 12 च्याच पावत्या हव्या होत्या, म्हणून मी `- 1` काढून टाकलं आणि कोड 'बरोबर' चालू लागला. पण जॉब पडला आणि सकाळी नऊला पुन्हा चालवला, तर तोवर तिथेही 13 तारीख लागलेली असते. तोच कोड, तोच सर्व्हर, पण पुन्हा चालवल्यावर तो 13 तारखेच्या सकाळच्या चार-दोन पावत्या उचलतो आणि 12 तारीख अर्धवट राहते. आपल्याकडे पहाटे साडेपाचला यूटीसीची तारीख बदलते. साडेपाचच्या आधी चालवलात तर एक उत्तर, नंतर चालवलात तर दुसरं.

म्हणून आता जॉबला तारीख बाहेरून दिली जाते:

```
psql -v ON_ERROR_STOP=1 -v kendra=SVD -v tarikh=2025-01-12 -f bhar.sql
```

रात्रीचं वेळापत्रक ही तारीख भरून देतं. हाताने चालवणारा माणूस तीच तारीख लिहितो, मग तो सकाळी नऊला चालवो की चार दिवसांनी. भरण्याच्या कोडमध्ये आतमध्ये कुठेही 'आज' हा शब्द नाही. या ओळीतलं `ON_ERROR_STOP=1` विसरू नका. ते नसेल तर फाइलमध्ये चूक आली तरी `psql` पुढच्या ओळी चालवत राहतं आणि शेवटी 'सगळं ठीक' असा कोड परत देतं. आमच्या `BEGIN`मुळे डेटा बिघडणार नाही, पण पान बदललंच नाही हे वेळापत्रकाला कळणार नाही.

आणि तारीख म्हणजे घड्याळाची तारीखही नाही. हंगामात गाड्या मध्यरात्रीनंतरही भरल्या जातात. बारा वाजून वीस मिनिटांनी काट्यावर चढलेली गाडी मुनीमाच्या हिशोबात आदल्याच दिवसाची असते, कारण त्याने दिवस बंद केलेला नसतो. त्यामुळे `kam_tarikh` हा रकाना पावतीवरच लिहिलेला येतो आणि पान त्याच्यावरूनच ठरतं. पावतीची वेळ बघून जॉबने दिवस ठरवायचा नाही.

काही पावत्या उशिराही येतात. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या केंद्रांवर नेट दोन-दोन दिवस नसतं. 10 तारखेच्या पावत्या 12 ला पोचतात, आणि फक्त कालचं पान लिहिणाऱ्या जॉबला त्या कधीच दिसत नाहीत. पान बदलायची पद्धत असली की हे सोपं होतं: रोज रात्री एकच दिवस नाही, मागचे सात दिवस पुन्हा लिहायचे. आमच्या आकारात सात दिवस म्हणजे साधारण 1,300 पावत्या, काही सेकंदांचं काम. लाखो ओळींच्या टेबलला हे परवडणार नाही. तिथे नवीन किंवा बदललेल्या पावत्या ज्या दिवसांच्या असतील, तेवढीच पानं शोधून लिहावी लागतात.

सात दिवसांची पानं एकेक करून बदलण्याऐवजी एका केंद्राचे सातही दिवस एकाच व्यवहारात काढून भरतो, म्हणजे वरच्या कोडमधल्या तारखेच्या जागी 'या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत' अशी अट येते. कारण मुनीम कधीकधी पावतीची तारीखच दुरुस्त करतो. 11 ची पावती 12 ची झाली आणि आपण फक्त 12 चं पान लिहिलं, तर ती 11 च्या जुन्या पानावरही राहते आणि 12 च्या नव्यावरही येते. पुन्हा तीच दुप्पट, वेगळ्या वाटेने आलेली.

या पद्धतीला एक हद्दही आहे. ज्या दिवसाचं पेमेंट झालं, ते पान पुन्हा लिहायचं नाही. पैसे बँकेतून गेले आहेत. टेबल बदललं म्हणून ते परत येणार नाहीत. पेमेंट झाल्यावर त्या केंद्राच्या त्या तारखेवर कुलूप लागतं आणि सात दिवसांच्या आत असली तरी जॉब ती सोडून देतो. त्यानंतरची दुरुस्ती मुनीमाने नव्या पावतीने करायची, म्हणजे 40 किलो जास्त लागले असतील तर उणे 40 किलोची वेगळी पावती, आजच्या तारखेची. खतावणीत पूर्वीपासून हेच चालत आलं आहे.

एवढं करूनही माझा स्वतःच्या कोडवर पूर्ण भरवसा नाही, म्हणून टेबललाच दुप्पट नाकारायला शिकवलं. त्यासाठी पावतीची खरी ओळख काय, हे ठरवावं लागतं. आधीच्या टेबलमध्ये `id` नावाचा रकाना होता आणि तीच प्रायमरी की होती. डेटाबेस प्रत्येक नव्या ओळीला आपोआप पुढचा नंबर द्यायचा. तशी की असून नसल्यासारखी. तीच पावती दुसऱ्यांदा आली की तिला नवा नंबर मिळतो आणि टेबल खुशाल आत घेतं. ओळख पावतीतच असली पाहिजे, आपण दिलेल्या नंबरात नाही.

सावदा आणि 1187, म्हणजे केंद्र आणि पावती नंबर, एवढं पुरेल असं वाटलं होतं. 1 एप्रिलला कळलं की पुरत नाही. नवं आर्थिक वर्ष लागलं की सगळ्या केंद्रांवर पावती पुस्तक पुन्हा 1 पासून सुरू होतं. आमच्या टेबलने एप्रिलची पहिली पावती मागच्या वर्षीच्या पहिल्या पावतीची दुप्पट म्हणून परत पाठवली. जॉब पडला, हे चांगलंच झालं, कारण निदान कळलं. तेव्हापासून ओळख तीन रकान्यांची आहे:

```sql
ALTER TABLE kharedi
  DROP CONSTRAINT kharedi_pkey,
  ADD PRIMARY KEY (kendra, arthik_varsh, pavti_no);
```

इथे मुद्दाम `PRIMARY KEY` लिहिली आहे, नुसती `UNIQUE` नाही. लाइट नसताना मुनीम हाताने पावती लिहितो आणि नंतर कॉम्प्युटरवर चढवताना नंबरचा रकाना कधी रिकामा सोडतो. पोस्टग्रेस एक रिकामी किंमत, म्हणजे `NULL`, दुसऱ्या रिकाम्या किमतीसारखी मानत नाही. म्हणून नुसती `UNIQUE` असेल तर बिननंबरची एकच पावती दहा वेळा आत जाऊ शकते. `PRIMARY KEY` रिकामा रकाना घेतच नाही. हाताच्या पावत्यांना आता H लावून वेगळा नंबर दिला जातो.

काहीजण विचारतील की प्रायमरी की आहे तर मग `ON CONFLICT DO UPDATE` का नाही वापरत? पावती आधीच असेल तर बदल, नसेल तर घाल, असं ते एका ओळीत करतं. शेतकऱ्यांच्या नावपत्त्याच्या टेबलसाठी मी तेच वापरतो. पावत्यांसाठी नाही, कारण रद्द झालेली पावती त्याला कळत नाही. मुनीमाने सकाळी 1190 रद्द केली तर नव्या यादीत ती नसतेच. `ON CONFLICT` फक्त आलेल्या ओळींकडे पाहतं, न आलेल्यांकडे नाही, म्हणून 1190 मुख्य टेबलमध्ये तशीच राहते आणि तिचे पैसे निघतात. पान बदललं की ती आपसूक जाते.

आता एक वेळ अशी येते की हे सगळं असूनही गडबड होऊ शकते: तोच जॉब एकाच वेळी दोनदा चालला तर. दीडचा जॉब हळू चाललाय म्हणून कोणी दोनला 'अडकला वाटतं' असं म्हणत हाताने दुसरा सुरू करतो. दोघंही 12 चं पान बदलायला निघतात. पहिल्याने जुन्या ओळी काढल्या. दुसऱ्याचं `DELETE` त्याच ओळींपाशी थांबून राहतं. पहिला नव्या ओळी भरून `COMMIT` करतो. मग दुसऱ्याचं `DELETE` पुढे सरकतं, पण ते सुरू झालं तेव्हा पहिल्याच्या नव्या ओळी अस्तित्वातच नव्हत्या, म्हणून त्या त्याला दिसत नाहीत आणि तो त्या काढत नाही. वर स्वतःच्या ओळी घालतो. दोन्ही जॉबचा कोड बरोबर, तरी पान दुप्पट. प्रायमरी की असेल तर दुसरा जॉब एरर देऊन पडतो, डेटा वाचतो. पण त्याला तिथवर जाऊच द्यायचं नसेल तर `BEGIN`च्या लगेच खाली ही ओळ घाला:

```sql
SELECT pg_advisory_xact_lock(4207);
```

4207 हा आमचा ठरवलेला आकडा आहे, त्याला दुसरा काही अर्थ नाही. ज्याने तो आधी घेतला त्याचा व्यवहार संपेपर्यंत दुसरा इथेच रांगेत उभा राहतो. त्याचा नंबर लागला की त्याचं `DELETE` तेव्हा सुरू होतं आणि पहिल्याच्या ताज्या ओळी त्याला दिसतात. पहिला जॉब लाइट जाऊन मेला तर हे कुलूप आपोआप सुटतं. पूर्वी मी यासाठी सर्व्हरवर एक फाइल बनवायचो, 'जॉब चालू आहे' अशी. जॉब मेला की ती फाइल तशीच पडून राहायची आणि ती कोणी हाताने पुसेपर्यंत पुढचा जॉब सुरूच व्हायचा नाही. कच्चं टेबलही दोघांचं एक नको. एकाने भरत असताना दुसऱ्याने ते रिकामं केलं तर घोळ होतो, म्हणून प्रत्येक फेरी आपलं तात्पुरतं टेबल `CREATE TEMP TABLE`ने बनवते. ते त्या जोडणीपुरतंच असतं, म्हणून ओढणं आणि बदलणं दोन्ही `bhar.sql` या एकाच फाइलमध्ये ठेवलं आहे.

डेटाबेसच्या बाहेर पडणाऱ्या गोष्टींना मात्र `BEGIN` आणि `COMMIT`चं संरक्षण नसतं. आमचा जॉब प्रत्येक पावती भरताना शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा: इतके क्विंटल, इतकी रक्कम. गेलेला एसएमएस मागे घेता येत नाही. जॉब पुन्हा चालला की पुन्हा एसएमएस. आता जॉब एसएमएस पाठवत नाही. पावतीची ओळख आणि रक्कम मिळून एक ओळ तो त्याच व्यवहारात `sandesh` टेबलमध्ये घालतो. तीच ओळख तीच रक्कम आधी असेल तर `ON CONFLICT DO NOTHING`मुळे काहीच होत नाही. रक्कम बदलली असेल तर नवी ओळ बनते, आणि दुरुस्त रक्कम शेतकऱ्याला कळलीच पाहिजे. दुसरा एक छोटा कार्यक्रम सकाळी सातनंतर न पाठवलेल्या ओळी उचलतो, एसएमएस पाठवतो आणि 'पाठवला' अशी खूण करतो. पाठवणं आणि खूण करणं यांच्या मधल्या क्षणी तो बंद पडला तर एखादा एसएमएस दोनदा जाईल. ही फट पूर्ण बुजवता येत नाही. आधी खूण करून मग पाठवलं तर एखादा एसएमएस मुळीच जाणार नाही. शेतकऱ्याला दोनदा कळलेलं चालेल, मुळीच न कळलेलं चालणार नाही, म्हणून आम्ही पहिला पर्याय घेतला. पेमेंटच्या फाइलला मात्र हा न्याय लावत नाही. तिथे शंका आली की कार्यक्रम थांबतो आणि माणूस बँकेत काय पोचलं ते पाहून ठरवतो.

हे सगळं खरंच चालतं का, ते लाइट जायची वाट बघत तपासायचं नसतं. चाचणीच्या सर्व्हरवर मी त्या रात्रीच्याच 186 पावत्या ठेवल्या आहेत. कोडमध्ये काहीही बदललं की जॉब आधी एकदा सरळ चालवतो. मग पुन्हा सुरू करून आठव्या केंद्रावर असताना `kill -9`ने मारतो. मग काही न पुसता, काही न आवरता तिसऱ्यांदा चालवतो. प्रत्येक वेळी हे विचारतो:

```sql
SELECT count(*), sum(nivval_kilo), sum(rakkam)
  FROM kharedi WHERE kam_tarikh = '2025-01-12';
```

मारलेल्या फेरीनंतरही आणि तिसऱ्या फेरीनंतरही तिन्ही आकडे पहिल्या फेरीसारखेच यावे लागतात. मग केंद्राच्या मूळ डेटात 1187 ची कटती 60 वरून 100 करतो, 1190 रद्द करतो, 'दिवस बंद'चे आकडेही त्याप्रमाणे बदलतो आणि चौथ्यांदा चालवतो. आता 185 ओळी यायला हव्यात, 1187 ची एकच ओळ आणि तिच्यापुढे 66,410 रुपये.